सही तुमची, बांधला कोण?

कर्जत लोकलनं तुम्ही कधी गेला आहात का? कल्याण सोडलं की विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर अशी स्टेशनं एकामागून एक येतात. या पट्ट्यात शिकायला येणारी मुलं पुष्कळ. कुणी अंबरनाथच्या आयटीआयमध्ये फिटरचा कोर्स करतो, कुणी उल्हासनगरच्या कॉलेजात अकरावीला असते. ज्यांचं गाव लांब आहे, ती मुलं जवळपास एखादी खोली भाड्यानं बघतात. दहावी झाली की मूल साधारण सोळा वर्षांचं असतं. म्हणजे खोली हवी असते सोळाव्या-सतराव्या वर्षी, आणि घरमालक तर म्हणतो, "आधी ॲग्रीमेंटवर सही कर."

मग सोळा-सतरा वर्षांच्या मुलानं किंवा मुलीनं केलेली ती सही चालते का? आणि नाही चालली, तर त्या कागदानं नेमका बांधला जातो कोण?

समजा, तो मुलगा तुम्हीच आहात. वय सतरा वर्षं चार महिने. जळगावकडचं गाव सोडून तुम्ही अंबरनाथला आयटीआयमध्ये प्रवेश घेतला आहे. बदलापूर पूर्वेला एका चाळीत खोली मिळाली. भाडं महिना ५,००० रुपये, डिपॉझिट १५,००० रुपये, मुदत अकरा महिने. बाबा गावी, शेतीच्या कामात. त्यांनी पैसे पाठवले आणि फोनवर म्हणाले, "तूच बघ रे, आता मोठा झालास." मालककाकांनी स्टॅम्पपेपर आणला, त्यावर मजकूर टाइप करून घेतला. "भाडेकरू" या शब्दापुढे तुमचं नाव. तुम्ही झोकात सही ठोकलीत, नोटरीचा शिक्का बसला, किल्ली हातात आली.

आता या कागदाची किंमत काय, ते बघू या.

"अज्ञान" म्हणजे अडाणी नव्हे!

आपल्या देशात करार कसे करावेत, हे १८७२ सालचा करार कायदा सांगतो. त्याचं अकरावं कलम म्हणतं की करार करायला माणूस सज्ञान हवा. सज्ञान कधी होतो? ते १८७५ च्या एका वेगळ्या कायद्यात आहे : अठरा वर्षं पूर्ण झाल्यावर. त्याच्या आत वय असेल, तर कायद्याच्या भाषेत तो "अज्ञान". रागावू नका हं! इथे अज्ञान म्हणजे बिनडोक नव्हे. शाळेत पहिला येणारा मुलगाही सतराव्या वर्षी अज्ञानच, आणि अठरा पूर्ण झालेला गणितात नापास मुलगासुद्धा सज्ञान. कायदा हुशारी मोजत नाही, जन्मतारीख बघतो.

आणि अठरा केव्हा पूर्ण होतात? अठराव्या वाढदिवसाचा दिवस सुरू झाला की त्याच क्षणी. जन्म दुपारी चारचा असला तरी चार वाजेपर्यंत थांबावं लागत नाही.

पण कायद्यात एक जागा मोकळी राहिली होती. अज्ञान मुलानं करार केलाच, तर पुढे काय, हे अकराव्या कलमात स्पष्ट लिहिलेलं नव्हतं. तो करार मुळातच रद्द, की मुलानं "मला नको" म्हटलं तरच रद्द? या प्रश्नाचं उत्तर कलकत्त्याच्या एका खटल्यानं दिलं, तेही थेट लंडनहून!

कलकत्त्याचा धर्मोदास

१८९५ सालची गोष्ट. कलकत्त्याचा धर्मोदास घोष हा तरुण मुलगा. त्यानं ब्रह्मो दत्त नावाच्या सावकाराकडून कर्ज घेतलं आणि आपली घरं गहाण ठेवली. कागदावर रक्कम होती २०,००० रुपये, व्याज शेकडा बारा. त्या काळात केवढी मोठी रक्कम, विचार करा. गंमत अशी, की सही होण्याच्या काही दिवस आधीच धर्मोदासच्या आईच्या वकिलानं सावकाराच्या वकिलाला पत्र पाठवून बजावलं होतं : मुलगा अज्ञान आहे, त्याच्याशी व्यवहार कराल तर स्वतःच्या जबाबदारीवर. तरीही त्यांनी व्यवहार केला. वर धर्मोदासकडून "मी सज्ञान आहे" असं लिहूनही घेतलं.

थोड्याच दिवसांत धर्मोदासतर्फे त्याची आई कोर्टात गेली. सही झाली तेव्हा मुलगा अज्ञान होता, म्हणून गहाणखत रद्द करा, अशी तिची मागणी होती. खटला चालू असताना ब्रह्मो दत्त वारला आणि पुढे तो मोहरी बीबीच्या नावानं चालला. शेवटी प्रकरण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपुढे गेलं. तेव्हा आपल्याकडच्या खटल्यांचा शेवटचा निकाल तिथे लागत असे. १९०३ साली निकाल आला : अज्ञान मुलाचा करार मुळातच रद्द. जणू तो झालाच नव्हता. आणि वय ठाऊक असून व्यवहार करणाऱ्या सावकाराला पैसेही परत मिळणार नाहीत.

या निकालाला शंभराहून अधिक वर्षं झाली. तरी आजही आपल्या कोर्टांत अज्ञान मुलांच्या करारांबद्दल वाद निघाला, की वकील "मोहरी बीबी"चंच नाव घेतात.

बदलापूरच्या खोलीत परत

आता तुमचा कागद काढा. तीन महिने झाले. आयटीआयजवळच एका मित्राच्या घरी राहायची सोय झाली म्हणून तुम्ही खोली सोडता. तिसऱ्या महिन्याचं भाडं द्यायचं राहिलं आहे. मालककाका कागद दाखवतात : "अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट आहे. उरलेल्या आठ महिन्यांचे ४०,००० काढ!"

काढता येतील का? नाही. करारच झाला नाही, तर "अकरा महिने राहीन" हे वचनही नाही. कोर्ट तुमच्याकडून ते चाळीस हजार वसूल करून देणार नाही.

तुम्ही म्हणाल, "वा! मग तिसऱ्या महिन्याचे पाच हजारही द्यायला नकोत, आणि डिपॉझिट पूर्ण परत!" थांबा. इतकं सोपं नाही.

डोक्यावर छप्पर ही जीवनाची गरज आहे. करार कायद्याचं अडुसष्टावं कलम सांगतं की अज्ञान मुलाला त्याच्या परिस्थितीला साजेशा गरजेच्या वस्तू किंवा सोयी कुणी पुरवल्या, तर त्यांची भरपाई त्या मुलाच्या मालमत्तेतून मिळू शकते. इथे दोन गोष्टी नीट लक्षात घ्या. एक, ही भरपाई मुलाच्या मालमत्तेतून मिळते. त्याच्या नावावर काहीच नसेल, तर त्याला पुढे नोकरी लागल्यावर पगारातून दे, असं म्हणता येत नाही. दुसरी, ती वाजवी असावी लागते. कागदावर लिहिलेला आकडा आपोआप लागू होत नाही. चाळीतल्या साध्या खोलीचं महिना वीस हजार लिहून घेतलं असेल, तर ते वीस हजार मिळत नाहीत.

आणि दिलेल्या पैशांचं काय? याबद्दल इंग्लंडमधला १८८९ चा एक निकाल प्रसिद्ध आहे. तिथे एका अज्ञान मुलानं घर भाड्यानं घेतलं आणि आतलं फर्निचर १०२ पौंडांना घ्यायचं ठरवलं. त्यातले ६८ पौंड दिले, काही महिने घरात राहिला, खुर्च्या-टेबलं वापरली. मग म्हणाला, मी अज्ञान होतो, माझे ६८ पौंड परत द्या. उरलेल्या रकमेच्या वचनातून कोर्टानं त्याला सोडवलं. पण दिलेले पैसे परत देण्यास नकार दिला. का? जे वापरून झालं, ते तो परत देऊ शकत नव्हता. वापरायचंही आणि पैसेही मागायचे, हा न्याय नव्हे.

म्हणून तुमच्या खोलीचा सरळ हिशेब असा. पहिल्या दोन महिन्यांचं दिलेलं भाडं परत मागायचं नाही, कारण तुम्ही तिथे राहिलात. तिसऱ्या महिन्याचे ५,००० रुपये डिपॉझिटमधून वळते व्हावेत. उरलेले १०,००० रुपये मालककाकांनी परत करावेत. पुढच्या आठ महिन्यांचा प्रश्नच येत नाही. काका परत करायला तयार नसतील, तर दावा लावता येतो. पण अज्ञान मुलाला तो स्वतः लावता येत नाही. त्याच्या वतीनं आईनं, वडिलांनी किंवा दुसऱ्या सज्ञान माणसानं उभं राहावं लागतं, अगदी धर्मोदासच्या आईसारखं.

नाण्याची दुसरी बाजू

इथपर्यंत वाचून वाटेल, की अज्ञान असणं म्हणजे मजाच आहे. आता तीच गोष्ट उलटी करून बघा.

तुम्ही खोली सोडलेली नाही. उलट परीक्षा तोंडावर आली आहे. आणि मालककाका येऊन सांगतात, "मला साडेसहा हजार देणारं गिऱ्हाईक मिळालंय. महिनाअखेर खोली रिकामी कर." तुम्ही तावातावानं कागद काढता : "काका, अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट आहे!"

काका शांतपणे म्हणतात, "तू तर अठराचा नाहीस."

बघा, जो कागद तुम्हाला बांधू शकत नाही, तो तुमचं रक्षणही करू शकत नाही. अकरा महिने राहण्याचा हक्क ज्या कराराच्या जोरावर मागायचा, तो करारच अस्तित्वात नाही. तुम्ही तिथे राहता आहात ते मालकाच्या नुसत्या परवानगीवर. ती त्यानं काढून घेतली, तरी सामान हलवायला वाजवी वेळ त्यानं द्यायला हवा. रात्री कुलूप बदलणं, पेटी रस्त्यावर टाकणं हे त्याला शोभत नाही आणि चालतही नाही. तसं घडलं तर लगेच घरी कळवा आणि एखाद्या मोठ्या माणसाला बरोबर घेऊन पोलीस ठाण्यात जा. पण "अकरा महिने हलणार नाही" हे तुम्हाला त्या कागदावरून म्हणता येणार नाही.

काही मुलं यावर युक्ती काढतात. वय अठरा लिहितात, आधारकार्डाच्या झेरॉक्सवर जन्मसाल बदलतात. यानं करार पक्का होत नाही. धर्मोदासनंही "मी सज्ञान आहे" असं लिहून दिलंच होतं. भारतीय कोर्टांनी मानलं आहे, की खोटं वय सांगितलं तरी मूल कायद्यानं अज्ञानच राहतं. मात्र फसवून घेतलेली आणि हातात असलेली वस्तू परत करायला कोर्ट सांगू शकतं. आणि कागदात खाडाखोड करून तो खरा म्हणून देणं हा वेगळा गुन्हा आहे. करार तर मिळत नाही, वर नसती भानगड मागे लागते.

मग बाबा बांधले गेले का?

पुष्कळ मालकांना वाटतं, पोरानं सही केली म्हणजे बापाला पैसे द्यावेच लागतील. तसं नाही. बाबांनी सहीच केली नसेल, तर केवळ ते वडील आहेत म्हणून त्या कागदानं बांधले जात नाहीत. म्हणजे तुमच्या त्या कागदानं कुणीच बांधलं गेलं नाही. ना तुम्ही, ना बाबा, ना मालककाका. स्टॅम्पचे पैसे तेवढे गेले!

काही मालक हुशारीनं बाबांची सही "जामीन" म्हणून घेतात. याबद्दल मात्र कोर्टांचं एकमत नाही. मुंबई हायकोर्टानं एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी एका खटल्यात म्हटलं, की मूळ ऋणको अज्ञान असला तरी जामीन सुटत नाही. नंतर काही निकालांत वेगळा सूर निघाला : मूळ देणंच नाही, तर जामीन कशाचा? त्यामुळे जामीन हा शब्द दोन्ही बाजूंना अडचणीचा आहे. "बाबा, मुलातर्फे पालक म्हणून" अशी सहीही संदिग्ध ठरते, कारण मग भाडं मुलानं द्यायचं की बाबांनी, हा वाद उरतोच.

सगळ्यात स्वच्छ मार्ग सोपा आहे. भाडेकरूच्या जागी आईचं किंवा बाबांचं नाव लिहायचं. सही त्यांची, भाडं देण्याची जबाबदारी त्यांची, अकरा महिन्यांचा हक्कही त्यांचा. आणि खाली एक वाक्य घालायचं, की या खोलीत त्यांचा मुलगा किंवा मुलगी राहील. हे वाक्य विसरू नका. नाहीतर उद्या मालक म्हणेल, "खोली तुम्हाला दिली होती, पोटभाडेकरू ठेवायला नाही."

मित्र मिळून खोली घेत असाल, तर आणखी एक गंमत. तिघांनी एकाच कागदावर सह्या केल्या, दोघे अठरा पूर्ण आणि तिसरा सतराचा. तिसरा सुटतो. पण बाकीचे दोघे "आमचा तिसरा हिस्सा कमी करा" असं म्हणू शकत नाहीत. सज्ञान सह्या करणारे पूर्ण रकमेला बांधलेले राहतात, असा निकाल प्रिव्ही कौन्सिलनं मद्रासच्या एका प्रकरणात १९१६ साली दिला. मालक एकट्याकडूनही सगळं भाडं मागू शकतो. तुमचा मोठा भाऊ अशा खोलीत राहत असेल, तर त्याला हे जरूर वाचून दाखवा.

शिक्का कुठला, तेही बघा

नोटरीचा शिक्का बसला म्हणजे करार पक्का, असं आपल्याकडे सर्रास समजलं जातं. नोटरी सहीची साक्ष देतो. सही करणाऱ्याचं वय काही तो वाढवू शकत नाही!

शिवाय महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे घरभाड्याचा करार लेखी हवा आणि तो नोंदवलेलाही हवा, मग मुदत अकरा महिन्यांची का असेना. नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची. त्यानं ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. ही नोंदणी दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात होते. आता ती ऑनलाइनही होते. एजंट अंगठ्याचं यंत्र घेऊन घरीच येतो, आधार क्रमांक घेतो, फोटो काढतो.

याच टप्प्यावर वय उघडं पडतं. सही करणारा अज्ञान दिसला, तर नोंदणी अधिकाऱ्यानं तो दस्त नोंदवायला नकार द्यावा, असं १९०८ चा नोंदणी कायदा सांगतो. म्हणून "नोंदणी कशाला, नोटरी करू या" असं कुणी घाईघाईनं म्हणालं, तर सावध व्हा. जिथे वय तपासलं जाईल, ती पायरीच तो गाळतो आहे.

आणि अठरावा वाढदिवस?

आपल्या गोष्टीत तुम्ही सतरा वर्षं चार महिन्यांचे होता. म्हणजे आठ महिन्यांनी, करार चालू असतानाच, अठरा पूर्ण होणार. त्या दिवशी जुना कागद आपोआप जिवंत होतो का? नाही. जो करार झालाच नाही, तो वाढदिवसाचा केक कापल्यानं होत नाही. "मी तेव्हाचा करार आता मान्य करतो" असं लिहून देऊनही भागत नाही. नवा करार करावा लागतो, नव्या तारखेचा, नव्या सहीचा.

मात्र ती नवी सही जपून करा. अठरा पूर्ण झाल्यावर "मी अजून विद्यार्थी आहे, कमवत नाही" हे कारण कोर्टात चालत नाही. कॉलेजचं ओळखपत्र खिशात असलं, तरी कायद्यासाठी तुम्ही पूर्ण भाडेकरू असता. खोली सोडायच्या किती दिवस आधी कळवायचं, मधेच सोडली तर किती पैसे कापणार, डिपॉझिट किती दिवसांत परत करणार, या तीन ओळी शोधून वाचा आणि मगच सही करा.

तोपर्यंत काय करायचं? किल्ली घेण्याआधी कागदाचं पहिलं पान उघडायचं आणि "भाडेकरू" या शब्दापुढे कुणाचं नाव आहे ते बघायचं. तुमचं असेल आणि वय सतरा असेल, तर काकांना नम्रपणे सांगायचं, "काका, बाबा रविवारच्या गाडीनं येताहेत. सही तेच करतील." डिपॉझिट बाबांच्या खात्यातून जाऊ द्या आणि त्याची पावती बाबांच्या नावानं घ्या. काका भला माणूस असेल, तर तो एक रविवार नक्की थांबेल. शेवटी त्याचाही त्यात फायदा आहे. तुमच्या सहीनं तोही मोकळाच राहिला असता!